एजन्सीपेक्षा सून परवडते

हर्षदा शिरूरची. तिच्या कामाला तिथं नाव नव्हतं. शेजारणी म्हणायच्या, पोरगी दिवसभर मोबाईलवर काहीतरी करते. ती करायची ते असं: शिक्रापूरच्या एका साडीवाल्याचे, एका रोपवाटिकेचे आणि यवतच्या आनंदरावांच्या गुळाचे फोटो-व्हिडिओ काढायचे, इन्स्टाग्रामवर टाकायचे, जाहिराती चालवायच्या, ऑर्डरी घ्यायच्या. फ्रीलान्सर. स्वतःची गिऱ्हाइकं, स्वतःची स्कूटी, स्वतःचं डोकं. तिच्या वडिलांना, हौशीरामांना, यातल्या फक्त स्कूटीचं कौतुक होतं.

तिनं काढलेले कढईतल्या रसाचे व्हिडिओ चालले आणि आनंदरावांचा गूळ पुण्या-मुंबईला जाऊ लागला. मग त्यांचे फोन वाढले. जेवताना फोन, आंघोळीला गेली की फोन. साडीवाल्याच्या सणाच्या गडबडीत तिनं दोन दिवस मागून घेतले, तर आनंदरावांचा तिळपापड झाला. "आमचं काम बाजूला ठिवून तू साड्या नेसवतीस व्हय?"

तिनं त्यांना गुऱ्हाळावर बसवून शांतपणे समजावलं. "काका, आता एकट्या माणसाचं हे काम राहिलं न्हाई. मला दुसरी गिऱ्हाइकं हायेत, मी सारखी तुमच्यासाठी मोकळी नसणार. पुण्याच्या एजन्सीकडं डिझाइनवाला, जाहिरातवाला, सगळे असतात. पण ते दर महिन्याची फी घेणार, करार मागणार, आन् रस उकळताना फोटो काढायला इथं कुणी येणार न्हाई. कायमचा माणूस ठेवला तर तो तुमचाच. पण सीझन नसला तरी पगार द्यावा लागणार. माझं ऐका. रोजच्या ऑर्डरींना, फोटोंना गावातलं एक माणूस पगारावर घ्या, मी शिकवते. जाहिराती एजन्सीला द्या, आधी थोड्या महिन्यांचाच करार. आन् कुणालाही घ्या, पेज, वेबसाइट, जाहिरातीचं खातं तुमच्या नावावर पाहिजे."

इतका सरळ सल्ला देणाऱ्या पोरीचं काय करावं? आनंदरावांनी रात्री बायकोला, सिंधूबाईंना, सगळं सांगितलं. सिंधूबाईंनी फक्त पोरीचं कूळ विचारलं. चार दिवसांत शिरूरला निरोप गेला. आमच्या मुलासाठी, हृतिकसाठी, पोरगी पसंत आहे.

हृतिक दिसायला बरा होता, निर्व्यसनी होता, आणि बापासमोर मान वर करत नव्हता. हर्षदानं एकच अट घातली: माझी बाकीची गिऱ्हाइकं मी सोडणार नाही. आनंदराव भर बैठकीत म्हणाले, "व्हय की! आम्ही काय जुन्या वळणाची माणसं न्हाई." हौशीरामांचे डोळे भरून आले. हे सांगताना मला आनंदरावांच्या त्या वाक्याची आजही चीड येते.

हळद उतरते न उतरते तोच सगळी खाती हृतिकच्या फोनवर गेली. सल्ला तिचाच, त्यामुळं तिला बोलायला तोंड नव्हतं. आनंदरावांना ती आता मामा म्हणायची आणि मामांनी एका सकाळी सांगितलं, "साडीवाल्याला न्हाई म्हणून टाक. आपल्या घरची सून दुसऱ्याच्या दुकानात फोटो काढत फिरती, बरं दिसतं का?" मग रोपवाटिकाही गेली. तिनं हृतिककडं पाहिलं. तो फोन पाहत होता. पगाराचं तिनं एकदाच विचारलं, तेव्हा सिंधूबाई हसून लोळायच्या बाकी राहिल्या. घरच्या माणसाला कुठं पगार असतो?

पहाटे दूध, डबे, धुणं, मग गुऱ्हाळावर फोटो, दुपारी ऑर्डरी, संध्याकाळी भाकरी. पुढं तिला दिवस गेले, उलट्या सुरू झाल्या, व्हिडिओ कमी झाले, ऑर्डरी घटल्या. हिचं लक्षच नाही, असं घरानं एकमतानं ठरवलं. आनंदरावांनी पुण्याची एजन्सी बोलावली.

एजन्सीकडून प्रगती नावाची एक चुणचुणीत मुलगी आली. ओसरीवर बसून तिनं पेजवरचे जुने व्हिडिओ पाहिले आणि थांबली. "सर, हे फारच छान आहेत. कुणी केले?"

"व्हती एक शिरूरची पोरगी. फ्रीलान्सर," आनंदराव म्हणाले.

"आम्हाला या भागात अशीच माणसं लागतात. तुमच्यासारखी अजून चार गिऱ्हाइकं आहेत इकडं. चांगलं काम मिळेल तिला. नंबर द्याल?"

हर्षदा तिच्यासमोर चहाचा कप धरून उभी होती. तिनं तोंड उघडलं.

"ती आता काम करीत न्हाई," आनंदराव म्हणाले. "लगीन झालं तिचं."

"अरेरे," प्रगती खरंच हळहळली. तिनं कप घेतला, वर न बघताच थँक्यू म्हणाली. हृतिकनं फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"बिस्किटं आण गं," आनंदराव हर्षदाला म्हणाले.

ती आत गेली आणि तिनं बिस्किटं आणली.