विहीणबाईंची लवंग

रोपवाटिकेत फोनवर फोटो यायचा आणि काका चष्मा कपाळावर चढवून निकाल द्यायचे. पिवळं फळ उकलून आतल्या बीवर लाल जाळी दिसली, की जायफळ. देठापासून निघून पानभर धावणाऱ्या तीन ठळक शिरा दिसल्या, की दालचिनी. फांदीच्या टोकाला बारीक खिळ्यांसारख्या कळ्यांचा झुबका, म्हणजे लवंग. "माझी एक चूक दाखवा," हे ते दिवसातून चारदा म्हणत. काकूंनी मोजणं सोडून दिलं होतं.

त्या सकाळी विहीणबाईंचा फोटो आला. सहा वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नात काकांनी स्वतःच्या हाताने पाटी लिहून दिलेलं लवंगेचं झाड. खाली मजकूर होता : "व्याही, अजून एक लवंग नाही. झाडाचं काही चुकतंय का?"

काकांनी फोटो मोठा केला. कोवळी पानं छान लालसर होती. लवंगेची असतात तशी. पण मागच्या जून पानावर तीन शिरा होत्या. ठळक, निर्लज्ज, तीन.

"फोटो नीट नाही. पान उलटं करून पाठवा," काकांनी कळवलं. उलट्या पानावर शिरा आणखी ठसठशीत दिसल्या. मग त्यांनी कळ्या मागितल्या. कळ्यांऐवजी फळं आली. काळीसावळी, छोट्या वाटीत बसवलेली, इवलीशी. काकांनी चक्क फोन नाकाला लावला.

"फोटोला वास येतो का हो?" काकूंनी विचारलं.

विहीणबाई म्हणजे अख्ख्या गोतावळ्याचं वर्तमानपत्र. रोपवाटिकेचं नाव, इतक्या वर्षांचा तोरा, सगळं मातीत जाणार होतं. पानाला कीड लागलीय असं ठोकून द्यावं, असंही मनात येऊन गेलं. पण मुलगी त्याच घरात होती, आणि बापाची थाप तिला लगेच कळायची.

त्यांनी फोन लावला.

"विहीणबाई, ती दालचिनी आहे. चूक माझी."

"पण तुम्ही तर पान बघून सांगता!"

"रोपं लहान होती, दोन्हींचे शेंडे लाल. एरवी शिरा बघतो, पान चुरगळून वास घेतो." काकांनी चष्मा पुसला. "त्या दिवशी पोरगी निघाली होती हो. डोळ्यांना काही दिसत नव्हतं आणि नाकही चोंदलं होतं."



"दालचिनी आहे ते मला दोन वर्षांपासून माहीत आहे," विहीणबाई म्हणाल्या. "साल चहात टाकते मी. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणून विचारलं."

"मग आता सगळीकडे सांगाल."

"सांगणार तर! पण आधी नवी पाटी लिहून ठेवा. न्यायला सूनबाईला पाठवते, चार दिवस राहील."

काकांनी पाटी लिहायला घेतली. ‘दालचिनी’ या चार अक्षरांना त्यांना तीन पाट्या लागल्या. डोळ्यांना पुन्हा काही दिसत नव्हतं.