दहावीपुढचं नाव

त्रिवेणीबाईंना रजा मागायची सवयच नव्हती, आणि तिथंच सगळं गाडं अडलं.

हैदराबादेत हिमायतनगरजवळच्या एका मराठी शाळेत त्या आठवी ते दहावीला मराठी शिकवत. शाळा जेमतेम तग धरून होती. केबल घरोघर आलं, कुकटपल्लीपर्यंत इंग्रजी शाळा उगवल्या आणि आपल्या मराठी लोकांनीच पोरं तिकडं घातली. दहावीचा निकाल घसरला तर मराठी वर्गच बंद करू, असं व्यवस्थापनानं ऐकवून ठेवलं होतं. त्यामुळं बाई दहावीच्या एका कागदालाही दुसऱ्याचा हात लागू देत नसत.

अशात कोठी भागातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवलं. गर्भाशयातल्या गाठीचा रिपोर्ट वाईट आला होता. सोमवारी ऑपरेशन ठरलं, आणि आता पुढं ढकललंत तर मग मला काही करता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. घरी आल्यावर बाईंचे यजमान प्रतापराव स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभे राहिले, मग दवाखान्याची पिशवी भरायला लागले.

बाईंनी अर्ज लिहिला. सोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलं आणि आपल्यामागं वर्गांची सोय कशी लावायची तेही लिहिलं. आठवीचं व्याकरण कुठवर आलंय, नववीचे कोणते धडे राहिलेत, कोणत्या मुलांना जोडाक्षरं अजून जमत नाहीत, चाचण्यांचे गुण कुठं चढवायचे, पूर्वपरीक्षेची सीलबंद प्रश्नपत्रिका आणि नमुना उत्तरं मुख्याध्यापकांच्या कपाटात. आठवी-नववीपुढं हाताखालच्या तरुण शिक्षिकेचं, योगिनीचं नाव. आणि दहावीपुढं? ‘स्वतः. उत्तरपत्रिका घरी पाठवाव्यात, तपासून देईन.’ आता काय म्हणावं या बाईला! पोट फाडून घ्यायला निघाली होती आणि पेपर मागत होती.

शुक्रवारी दुपारी मुख्याध्यापक एकनाथरावांनी अर्ज परत त्यांच्यापुढं ठेवला. करस्पाँडंट साहेबांनी, म्हणजे शाळेचा कारभार बघणाऱ्या गृहस्थांनी, सही केली नव्हती. सर्टिफिकेटात पूर्ण विश्रांती लिहिलीय आणि बाई तर घरून काम करणार म्हणतात, मग रजा कशाची, असा त्यांचा सवाल होता. साहेब संध्याकाळच्या गाडीनं तिरुपतीला निघणार होते. सहीशिवाय गेलं तर विनापरवानगी गैरहजर, आणि मराठी वर्ग बंद करायला व्यवस्थापनाला तेवढंच निमित्त पुरलं असतं.

“बाई, दहावीपुढं कुणाचं तरी नाव घाला,” एकनाथराव म्हणाले. “मी स्वतः नेऊन सही आणतो.”

कुणाचं म्हणजे योगिनीचंच, दुसरं होतंच कोण! पण ही पोरगी हैदराबादेतच वाढलेली. बोलायला चटपटीत, मध्येच दखनीतलं ‘हौ’, ‘नक्को’, आणि मराठीचा परिच्छेद समोर आला की बोट ठेवून वाचणार. बाई स्टाफरूममध्ये येऊन बसल्या. ओटीपोटात कळ आली तशी त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. मरणाची भीती त्यांना तेव्हा पहिल्यांदा वाटली, आणि त्याहून मोठी भीती दहावीची वाटली, याचा त्यांना स्वतःचाच संताप आला.

योगिनी पाणी घेऊन आली. बाईंनी तिला सगळं सांगितलं आणि जमेल का, असं विचारलं. विचारण्यात विश्वास नव्हताच, ते तिलाही कळलं.

“मला कसं जमणार, मॅडम?” तिचे डोळे भरून आले. “चार वर्षं मी पेपर मागते, तुम्ही म्हणता, राहू दे, मी करते. तुम्ही शिकवलंच नाही मला.”

खरंच होतं ते. त्यांनी मागच्या परीक्षेतली एक उत्तरपत्रिका काढली, नमुना उत्तर शेजारी ठेवलं आणि खुर्ची सरकवून तिला जवळ बसवलं. मुद्द्याला गुण कसे, शुद्धलेखनाचे किती कापायचे, निबंध आधी पूर्ण वाचायचा. पोटात कळा येत होत्या, घड्याळ पळत होतं. दुसरी उत्तरपत्रिका योगिनीनं एकटीनं तपासली. दोन ठिकाणी चुकली. बाईंनी चुका दाखवल्या, मग ‘स्वतः’ खोडून योगिनीचं नाव लिहिलं. तो कागद घेऊन एकनाथराव रिक्षानं सुटले आणि साहेब घराबाहेर पडत असतानाच त्यांना गाठून सही घेऊन आले.

शनिवारी बाई फक्त आपल्या कपाटाच्या किल्ल्या द्यायला शाळेत आल्या. प्रतापराव फाटकाबाहेर ऑटो थांबवून उभे होते. परत येईन की नाही, हा विचार जिना उतरताना त्यांना सोडत नव्हता. दहावीच्या वर्गातून योगिनीचा आवाज आला. कवितेच्या दुसऱ्याच ओळीत ती अडखळली होती. त्रिवेणीबाईंचा हात दाराकडं गेला.

“हा शब्द मला येत नाही,” आत योगिनी म्हणाली. “कोण वाचून दाखवतं?”

सगळा वर्ग एकदम वाचू लागला. अगदी स्वच्छ, बाईंनी शिकवलं होतं तसं. बाईंनी हात मागं घेतला, पदर तोंडाला लावला आणि त्या रडत रडत ऑटोत जाऊन बसल्या.