घरमालकाची नोटीस आणि माझं अक्षर

मंगरूळपीरला मी मास्तर होतो तेव्हा घरमालकांचा सगळा पत्रव्यवहार माझ्याच हातचा. त्यांची शेती मोठी, कापूस भरपूर. अक्षरओळख मात्र सहीपुरती. त्यांनी सांगायचं, मी लिहायचं, आलेलं पत्र वाचून दाखवायचं. शेजारधर्म म्हणून, फुकट. त्या वर्षी ते कसल्याशा कमिटीवर निवडून आले आणि अकोल्याहून नावाचा रबरी शिक्का करून आणला. त्यानंतर गड्याला बैल सोडायला सांगणंही लेखी व्हावं, असं त्यांना वाटू लागलं असावं.

एका सकाळी शिक्का घेऊन ते माझ्या दारात आले.

"मास्तर, एक नोटीस लिहा. जरा भारदस्त."

"कोणाला?"

"तुमाले." ते ओशाळले. "पाडव्यापासून भाडं चाराचं सहा. तोंडानं सांगाले बरं नाही वाटत."

मी लिहिली. 'कळविण्यात येते की' दोनदा घातलं. एकदा त्यांना पुरेना. शिक्का उमटला आणि नोटीस त्यांनी माझ्याच हातात ठेवली.

माझ्या पगारात सहा बसत नव्हते. घर सोडायचं म्हणजे विहीर सोडायची, आणि विहिरीकाठचे पत्नीचे वांग्याचे वाफेही. वांगी नुकती धरली होती. दुपारी उत्तर लिहायला बसलो, आणि खरं सांगतो, मजाही येत होती. आपलं पत्र समोरच्याला आपणच वाचून दाखवणार, हे भाग्य कुठल्या भाडेकरूला लाभतं? पत्नीने एवढंच बजावलं की पत्रं लिहून देतो त्याचा उल्लेख नको, उपकार काढल्यासारखं होईल. तो मी केला नाही.

संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर उभ्यानेच वाचलं. सुरुवातीचा मायना त्यांनी पुन्हा वाचायला लावला. पुढे लिहिलं होतं की महागाई दोन्ही घरांना सारखीच आहे. पाच देईन, भिंतींना चुना मी लावीन, पावसाआधी छपराचे कवेलू मालकांनी फेरावेत, आणि दोन वर्षं भाडं हलू नये.

ते मिशी चोळत म्हणाले,

"पाच बराबर हाये. पन कमिटीतल्या लोकायले मी सहा सांगून बसलो. आता काय तोंड दाखवू?"

इथे मात्र माझा जीव भांड्यात पडला. त्यांची अडचण पैशाची नव्हतीच. मी तिथेच टाक मागितला आणि खाली एक ओळ वाढवली: दोन वर्षं पाच, तिसऱ्या पाडव्यापासून सहा.

"म्हणजे सहाच ना?"

"सहाच. कागदावर आहे."

"मंग खोटं काहून होईन?" म्हणत त्यांनी शिक्का इतक्या जोरात हाणला की दिवा हलला. मी धावतच घरी गेलो.

सकाळी पत्नीने पहिली वांगी भरताला म्हणून त्यांच्याकडे पाठवली. घटकाभरात मालक कोरा कागद घेऊन दारात हजर.

"मास्तर, वांगी पोचली म्हून लिहा. तुमालेच द्याचं हाये."