चार नंबरच्या बीमवरचा डाग

शगुफ्ताला मी सातवीत शिकवलं. बेंचवरच्या भेगासुद्धा ती वहीत काढायची. आता ती इमारतींची तपासणी करणाऱ्या एका कार्यालयात इंजिनिअर आहे आणि काँक्रीटच्या बीमचे फोटो वाचते. पान उभं दुमडून डावीकडे ‘काय दिसतं’ आणि उजवीकडे ‘काय असू शकतं’ असं लिहायची तिची पद्धत. डावी बाजू भरल्याशिवाय उजवीला हात लावायचा नाही, हा तिने स्वतःलाच घातलेला नियम. तो तिने एकदाच मोडला, आणि तोही आमच्याच सोसायटीच्या हॉलच्या बाबतीत.

हॉलमध्ये रविवारी शेजारच्या शिवयोगींच्या नातीचा, संस्कृतीचा, साखरपुडा होता. दोनशे माणसांना निमंत्रणं गेलेली, आचारी अक्कलकोटहून ठरवलेला. आणि बुधवारी शगुफ्ताचा कागद आला : चार नंबरच्या बीमवर गंजाचे ओघळ, आतल्या सळया गंजत असाव्यात, पुढील तपासणीपर्यंत हॉल बंद.

शिवयोगी चपला न काढताच माझ्या घरात आले. “गुरुजी, तुमची पोरगी लई हुशार हाय, पण रविवारनंतर हुशार झाली असती तर काय बिघडलं असतं?”

मी फोन लावला. शगुफ्ता म्हणाली, “सर, उद्या सकाळी येते. फोटो परत मोठा करून बघितलाय. मला माझाच राग आलाय.”

ती आली ती हातोडी, शिडी आणि ओलं फडकं घेऊन. मागे शिवयोगी, त्यांच्या मागे अर्धी सोसायटी. शिडीखाली उभं राहून तिने फोनवरचा फोटो सगळ्यांना दाखवला.

“सळई गंजली की फुगते, काका. फुगली की काँक्रीटला आतून ढकलते, मग सळईच्या रेषेत तडा जातो आणि गंजाचं पाणी त्या तड्यातून बाहेर येतं. इथं ओघळ आहे, पण तडा कुठाय? हा तर वर स्लॅबला पाइपसाठी पाडलेल्या भोकापासून सुरू झालाय. आणि मी फोटो काढला पिवळ्या दिव्यात, त्यात कुठलाही लाल गंजासारखाच दिसतो!”

वर चढून तिने फडकं फिरवलं. फडकं तांबूस नव्हे, झकास किरमिजी झालं.

सगळ्यांच्या माना एकदम कमलम्माकडे वळल्या. हॉलच्या वरच्याच गच्चीवर चादरींचं सूत रंगवून वाळत घालणाऱ्या त्याच.

“मला काय बघताय?” कमलम्मा म्हणाल्या. “रंग पक्काच आहे. धुतला तरी जात नाही!”

“तुमचा रंग पक्काच, अम्मा, म्हणून तर बीमला लागला!” शगुफ्ता शिडीवरच हसत सुटली, इतकी की मी खालून शिडी धरली. शिवयोगींनी टोपी उडवली. ती पंख्याच्या पात्यात जाऊन बसली. कुणीतरी आचाऱ्याला फोन लावला. एवढा आनंद तर मुलाकडून होकार आला तेव्हाही झाला नव्हता.

“थांबा हो,” वरून आवाज आला. “आलेच आहे तर दोन नंबरही बघते.”

दोन नंबरच्या बीमचा फोटोही कागदात होता. त्याच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं, कारण त्यात लाल काही नव्हतं. कॉलमजवळ खडी सुटी दिसत होती, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, आणि त्यात दोन सळया उघड्या.

“हे भरतानाचंच दुखणं,” ती म्हणाली. “काँक्रीट नीट दाबलं नाही, खडीमध्ये सिमेंटचा माल उतरलाच नाही. सळयांच्या कडेला काँक्रीट तुटल्याची खूण नाही, म्हणजे त्या नंतर उघड्या पडलेल्या नाहीत, पहिल्यापासून झाकल्याच नाहीत. पोकळी वरवरची असली तर दुरुस्ती सोपी. पण खोली फोटोत दिसत नाही.”

तिने हातोडी वाजवली. टण्, टण्, आणि मग भद्. पुन्हा भद्. दोन खडे निसटून शिवयोगींच्या उघड्या टकलावर पडले. तिने खिशातली मोजपट्टी आत सरकवली. ती चार बोटं गेली.

सगळे बीमखालून मागे सरकले.

“काका,” ती खाली उतरून म्हणाली, “डागाबद्दल मी चुकले, तसं लिहून देते. पण हॉल बंदच. आज बीमखाली टेकू लावायचे आणि आत कुणी यायचं नाही. ओझं पेलायचं ते इथंच, कॉलमपाशी, आणि इथंच पोकळ.”

शिवयोगींनी डोकं चोळलं. मग अचानक त्यांना हसू फुटलं. “म्हणजे हा डाग पडलाच नसता तर तू शिडी घेऊन आलीच नसतीस, आणि हे कळलंच नसतं?”

“कळलं असतं. पण रविवारनंतर.”

“कमलम्मा!” ते ओरडले. “पहिल्या पंगतीत तुम्ही बसायचं!”

साखरपुडा पुढच्या अंगणात झाला. उन्हाला कापड बांधलं, पाहुणे भिंतीच्या सावलीने सरकत सरकत जेवले. शगुफ्ताच्या पानात जिलेबी पडली न पडली तोच मुलाचे मामा शेजारी येऊन बसले, फोन पुढे करत.

“बाई, आमच्या बाल्कनीचा एक फोटो बघता का?”

तिने डाव्या हाताने फोटो मोठा केला. मामा फोनवर वाकले.

“काय दिसतंय?” त्यांनी विचारलं.

“एक टॉवेल,” ती म्हणाली. “तो काढा, मग सांगते.”