तीनाचे दोन

तासवाले सरांना स्वतःचं नाव होतं, पण कॉलेजात ते कुणाला आठवत नसे. तासांच्या बोलीवर लागले म्हणून तासवाले. एकोणीस वर्षं तेच. कायम जागेची जाहिरात निघायची आणि ऐन वेळी कुणाचा तरी भाचा टपकायचा. यंदाची संधी मात्र शेवटची, कारण पुढच्या महिन्यात सर वयाच्या अटीबाहेर जाणार होते. निघताना बायको म्हणाली, "तिथे शहाणपणा करू नका. हो ला हो म्हणा आणि या."

निवड समितीसमोर खऱ्या वर्गावर पाठ घ्यायचा होता. सरांनी आपला लाडका विषय काढला: तीन बाय तीनचे जादूचे चौरस. आडव्या, उभ्या, तिरक्या, सगळ्या ओळींची बेरीज सारखी. असे दोन चौरस घरागणिक मिळवले तरी जादू टिकते, एखाद्याला कुठल्याही संख्येनं गुणलं तरी टिकते, आणि सगळी शून्यं भरलेला चौरसही त्यातलाच. म्हणजे नऊ घरांच्या सगळ्या चौरसांच्या अवकाशात यांची सबस्पेस, म्हणजे पोटअवकाश, झाली. आता तिची डायमेंशन किती, म्हणजे कमीत कमी किती चौरसांतून बाकीचे सगळे निघतात?

सर रंगात आले. मधल्या घरात c. वरच्या दोन कोपऱ्यांत c+a आणि c+b. बाकीची सहा घरं आपोआप ठरतात. त्यांनी फळ्यावर तीन चौरस मांडले:

1 1 1 / 1 1 1 / 1 1 1
1 −1 0 / −1 0 1 / 0 1 −1
0 −1 1 / 1 0 −1 / −1 1 0

"पहिल्याला c नं गुणा, दुसऱ्याला a नं, तिसऱ्याला b नं, आणि मिळवा. कुठलाही जादूचा चौरस यांतूनच निघतो, आणि तिघांपैकी एकही फालतू नाही. हा झाला बेसिस. डायमेंशन तीन."

समितीतले मोठे साहेब खुर्चीत मागे रेलले. "आठ बेरजा सारख्या, म्हणजे सात समीकरणं. डायमेंशन म्हणजे घरं वजा समीकरणं. नऊ वजा सात किती हो?"

अहो, सातातलं एक समीकरण फुकटचं आहे! तिन्ही आडव्या ओळी मिळवा की तिन्ही उभ्या, नऊ घरांची बेरीज एकच येणार. आडव्या आपसांत सारख्या, उभ्या आपसांत सारख्या, की आडवी आणि उभी सारखी हे वेगळं सांगावंच लागत नाही. खरी समीकरणं सहा, नऊ वजा सहा तीन. सरांना हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण दगडाखाली हात अडकलेला. सर म्हणाले, "दोन, साहेब. माझी चूक झाली." डस्टरनं तीन पुसून त्यांनी दोन लिहिलं.

पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. प्रत्येक तासाला हिला शंका, म्हणून सर तिला शंकासुर म्हणायचे, आणि खरं तर तिच्याचसाठी तास घ्यायचे. "सर, पण ते तीन चौरस तर अजून फळ्यावर आहेत. यातला कोणता काढायचा?"

"बस खाली," सर म्हणाले. "प्रत्येक वेळी शंका काढायची नसते."

ती बसली. साहेबांनी मान डोलावली.

जागा साहेबांच्या ओळखीतल्या माणसाला गेली. तेलही गेलं, तूपही गेलं.

पुढच्या तासाला वर्गात जाऊन खरं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. फळ्याकडे वळले, खडू उचलला, आणि पुढचाच धडा सुरू केला. मग अभ्यासक्रम पुढे गेला. सांगायला किती वेळ लागला असता, दोन मिनिटं! पण माणूस एकदा स्वतःच्या नजरेतून उतरला की त्याला दोन मिनिटंही सापडत नाहीत. शंकासुरही गप्प झाली. विचारलं की म्हणायची, "समजलं सर."

वार्षिक परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. उत्तरपत्रिका तपासायला सरांकडेच. नमुना उत्तर छापील होतं: डायमेंशन तीन. शंभरेक पत्रिकांच्या गठ्ठ्यातली एक उघडली आणि सरांनी अक्षर ओळखलं. सबस्पेस का, ते चोख लिहिलेलं. तिन्ही चौरस बरोबर. सहाच समीकरणं खरी कशी, तेही तिनं स्वतःचं स्वतः शोधून मांडलेलं. खाली लिहिलं होतं, "डायमेंशन तीन."

आणि मग या सगळ्यावर पट्टी धरून मारलेली एक तिरकी रेघ. तिच्याखाली नीट अक्षरात: "डायमेंशन दोन. वर्गात सरांनी दुरुस्त केल्याप्रमाणे."

खोडलेलं उत्तर तपासायचं नाही, असा नियम आहे. सरांनी लाल पेन उचललं. मग त्यांनी दोनावर फुली मारली, समासात शून्य लिहिलं आणि पान उलटलं.