दीपकचा हात

मिरकरवाड्याच्या बंदरात दीपक गोताडच्या वाटेला सहसा कोणी जात नसे. बर्फाच्या लाद्या आकड्याने ओढून क्रशरच्या तोंडात टाकायच्या, हे त्याचं काम, आणि तो ते अशा तावातावाने करायचा की शेजारचा माणूस आपोआप दोन पावलं मागे सरायचा. घरीही तो हात तसाच चालायचा. भातात खडा लागला की थाळी भिंतीवर जायची, आणि बायको मनस्वी काही बोलली की तोच हात तिच्या गालावर. लग्न ठरताना "मुलगा जरा तापट आहे" एवढंच तिच्या बापाला सांगितलं होतं. मुलीच्या बापाला असल्या गोष्टी नेहमी मापात पाणी घालूनच सांगतात.

दीपकचं वय तिशीच्या जरा पुढे. मिसरूड फुटायच्या आधीपासून त्याच्या ओठात विडी होती. एक विझायच्या आत तिच्यावर दुसरी पेटवायची, असा त्याचा खाक्या.

दुखणं आधी पायात आलं. बंदरावरून घरचा चढ चढताना तळव्यात पेटका येई, थांबलं की जाई. मग हाताची बोटं. बर्फाला लागली की पांढरीफटक पडायची, मग निळी, मग लाल होऊन अशी ठणकायची की तो त्या बोटांना शिव्या घालायचा. सगळ्यांनी एकमुखाने बर्फाला दोष दिला. पुढे पायाच्या अंगठ्याच्या टोकाला एक फोड आला, तो फुटला आणि भरेचना. लवकरच उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या टोकाशीही तसाच व्रण पडला. झोपताना पाय खाटेवरून खाली लोंबता ठेवला तरच थोडं बरं वाटायचं. अशा माणसाच्या शेजारी झोपणारीने काय काय सोसलं असेल ते विचारू नका. दुखण्याचा राग काढायला त्याला ती एकटीच हाताशी होती.

शेवटी मनस्वीनेच त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर श्रुती मॅडमनी घोट्याशी नाडी चाचपली, ती लागली नाही. मनगट दोन्ही बाजूंनी दाबून सोडलं, तर तळवा बराच वेळ पांढराच राहिला. साखर ठीक, हृदय ठीक. कोल्हापूरला पाठवून रक्तवाहिन्यांचा फोटो काढून आणला, त्यात हातापायांच्या बारीक धमन्या जागोजाग बुजलेल्या, आणि त्यांच्या आजूबाजूला वाट शोधणाऱ्या नव्या वाहिन्या पिळाच्या दोरीसारख्या. मॅडमनी सरळ सांगितलं. बर्फाने दुखणं वाढतं, पण ते दिलं तंबाखूने. धमन्या आतून सुजतात, त्यात रक्त गोठतं, बोटाला रक्त पोचत नाही आणि बोट जिवंतपणी मरतं. यावर गोळ्यांचा भरवसा नाही, पुढच्या वाहिन्या इतक्या बारीक की जोड द्यायलाही जागा नाही. तंबाखू पूर्ण सोडली तर बहुतेकांचे हातपाय वाचतात. नाही सोडली तर आज बोट, उद्या पाऊल, परवा गुडघा.

दीपक हादरला. गावच्या देवळात त्याने नारळ ठेवला आणि गुरवाने गाऱ्हाणं घातलं, की आजपासून ह्याच्या तोंडातून धूर निघणार नाय, निघाला तर तूच बघून घे म्हाराजा. बर्फाचं काम सोडून तो जाळ्यांच्या शेडमध्ये हिशोबनीस म्हणून बसू लागला. आणि खरंच सांगते, त्या दिवसापासून त्या माणसाने विडी पेटवली नाही. विडीची तलफ आली की दाढा करकर वाजवायचा, घरातली भांडी आपटायचा, पण पेटवली नाही.

तरी अंगठा काळा पडला आणि कापावा लागला. हाताचं बोटही पुढे सरकत चाललेलं. शेडमधला रितेश हसत म्हणाला, चोरून ओढत असशील. पुढचं वाक्य त्याच्या तोंडात राहिलं. दीपकने तिथला लोखंडी आकडा उचलून त्याच्या खांद्यावर घातला, हाड मोडल्याचा आवाज सगळ्या शेडने ऐकला, आणि रक्त पाहून चारचौघांनी धरलं नसतं तर तो थांबला नसता.

दवाखान्यात मॅडमनीही तेच म्हटलं. तंबाखू चालू आहे. दीपकने टेबल उलटं केलं, मॅडमची कॉलर धरली. शिपाई धावले. मनस्वी दोघांच्या मध्ये शिरली आणि तिथेच देवाची शपथ घेऊन म्हणाली, "विडीला हात नाय लावलानी ह्यांनी. मी बघतंय ना रोज." मॅडमनी कॉलर सारखी केली आणि विचारलं, "आणि खायची तंबाखू?" दीपक म्हणाला, ती तर जन्मात खाल्ली नाही. तेही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनस्वीची सासू चिमा चुलीवर तवा ठेवून मशेरी भाजत होती. घरभर तो खमंग, घसा खवखवणारा वास. दीपक पायरीवर बसून दात घासत होता. पूर्वी फक्त सकाळी, पण विडी सुटल्यापासून जेवल्यावर, चहानंतर, मनात आलं की तो मशेरी लावून बसायचा. दुखरं बोट नको म्हणून डाव्या हाताच्या बोटाने. मनस्वी त्याच्याकडे बघत राहिली. हे दृश्य लग्नापासून ती रोज पाहत होती. आज ती सासूकडे वळली.

"आये, मशेरी कशाची करता?"

"तंबाखूचीच गो. मग काय कोळशाची?" सासू म्हणाली.

एवढी साधी गोष्ट. घरात तंबाखू म्हणजे ओढायची किंवा चुना लावून खायची. मशेरी म्हणजे दात घासायची. गुरवानेही धूरच बंद केला होता. शपथ पाळूनही बोट जात होतं, कारण हिरड्यांतून तेच विष रक्तात उतरत होतं.

मनस्वीने फडक्याने धरून तवा उचलला आणि अंगणात भिरकावला. जळती मशेरी चिऱ्यांवर पसरली. पायरीवरची डबी तिने पायाने चिरडली. दीपक लंगडत उठला, तिचे केस धरले आणि तोंडावर एक, दोन, तीन ठेवल्या. तिच्या ओठातून रक्त आलं. सासू ओरडत राहिली, मध्ये कोणी पडलं नाही. चौथ्यांदा हात वर गेला तेव्हा मनस्वीने त्याचं बांधलेलं बोट पकडलं आणि पूर्ण ताकदीने आवळलं.

तो गुडघ्यांवर आला. गुरासारखा हंबरला. तिने सोडलं नाही.

"लाव मग मशेरी," ती म्हणाली. अहो-जाहो तिथेच गळून पडलं. "जाऊ दे हा हात. मला मारायला तरी उरणार नाय."

त्या दिवशी चिमाने आपलीही डबी शेणखईच्या खड्ड्यात टाकली. लेकासाठी टाकली, सुनेच्या फुटलेल्या ओठाबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. दीपक काही दिवस वेड्यासारखा झाला, दार फोडलं, कपाळ भिंतीवर आपटून घेतलं. घरात मात्र तंबाखू आली नाही. मनस्वी त्याचे खिसे, उशी, पायरीखालच्या फटी बघायची. रोज व्रण धुवायची, हात उबदार फडक्यात गुंडाळायची. ठणका आधी कमी झाला, मग व्रणाच्या कडा गुलाबी दिसू लागल्या, आणि काही महिन्यांनी बोटाचं टोक भरून आलं. अंगठा गेला तो गेला. बाकी सगळं वाचलं.

मॅडमनी पट्टी सोडली, बोट दाबून पाहिलं, म्हणाल्या की हात राहिला, आता आयुष्यभर कुठल्याही रूपात तंबाखू नको. दीपकच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर बाकावर मनस्वी बसली होती. तिलाच आधी दाखवायचं म्हणून तो भराभर लंगडत गेला आणि आनंदाने उजवा हात तिच्यापुढे वर केला.

मनस्वीने डोळे मिटून दोन्ही हातांनी तोंड झाकलं.