घंटीआधी दाईचे आभार

गडचिरोलीच्या दवाखान्यात नर्स असताना मला सरकारी पदक जाहीर झालं आणि माझी झोप उडाली. पदकामुळे नव्हे, भाषणामुळे. पाहुण्यांना नागभीडला आगगाडी गाठायची होती. म्हणून डॉक्टरसाहेबांनी बजावलं, दोन मिनिटांच्या आत आभार उरका, दीड मिनिटाला इशाऱ्याची घंटी, दुसरी वाजली की माईक सोडा. क्रमही त्यांनीच ठरवला: अध्यक्ष, पाहुणे, साहेब लोक, मग सहकारी, शेवटी रोगी.

त्यात आमची दाई कुठंच नव्हती. अडलेल्या बाया खेड्यांतून माझ्यापर्यंत तीच आणायची. त्या पावसाळ्यात तिच्या गावची एक बाई फार उशिरा पोचली आणि टेबलावरच गेली. दाईनं मागितली तेव्हा गावच्या पाटलानं बैलगाडी जुंपली नव्हती, पण बोल दाईला लागला. गावानं तिला बोलावणंच बंद केलं. आता पाटलाच्याच सुनेचे दिवस भरत आले होते, आणि तोही मंडपात येणार होता. चार लोकांत सांगायची ही एकच संधी. एरवी माझं कोण ऐकतं?

नाडी मोजायचं घड्याळ समोर ठेवून मी भाषण म्हणून पाहिलं. साहेबांच्या पदव्यांतच अर्धा वेळ जाई. 'या मंगलप्रसंगी' काढलं, 'मी अत्यंत ऋणी' काढलं. घाई केली की जीभ अडखळे. दाईपर्यंत मी पोचतच नव्हते.

मंचावर मी माईकपाशी उभी राहिले. कारकुनाचा हात घंटीवर होता. "अध्यक्षमहाराज," म्हटलं आणि मंडपाबाहेर, चपलांच्या ढिगाजवळ, दाई उभी दिसली. मला संताप आला. साहेबांची रांग मी तिथंच सोडली आणि गावाला कळेल असं, गावच्याच बोलीत बोलले.

"मले पदक भेटलं, पण बाया दवाखान्यात आणल्या त्या दाईनं. मी तिचे आभार मानतो. जी बाई गेली, तिच्यासाठी दाईनं गाडी मागितली होती. गाडी उशिरा जुंपली. दाईचा दोष नाई."

पाटील खाली बघत होता. दीड मिनिटाची इशाऱ्याची घंटी वाजली. मी घाईनं कंपाउंडर, आया, झाडूवाली, सगळ्यांचे आभार मानले, आणि म्हटलं, "ज्या बायांनी माझ्या हाती जीव देला, त्यांच्याच भरवशावर मी नर्स झालो." दुसरी घंटी वाजली तेव्हा मी माईक सोडला होता. अध्यक्ष, पाहुणे आणि साहेब आभारांविना राहिले. पाहुणे समोर नसते तर डॉक्टरसाहेबांनी मला पदकासकट खाऊन टाकलं असतं.

पाहुण्यांची मोटार सुटल्यावर पाटील उठला. तो माझ्याकडेच येतोय असं वाटून मी मागं सरले. पण तो चपलांपाशी थांबला. दाईला हलकेच म्हणाला, "चाल वो बाई. गाडी जुंपली हाये. सुनेले पाहून घे."

दाईनं पदर खोचला आणि गाडीत चढली. माझ्याकडे तिनं वळूनही पाहिलं नाही. मी मात्र पदक हातात धरून तिथंच रडत बसले.